८० अंशांची वाढ आणि १७६चा आकडा: एका मोटार-चाचणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मोठ्या मोटारी रिवाइंड करून देणाऱ्या, म्हणजे त्यांच्या आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, वाइंडिंग, नव्याने घालून देणाऱ्या एका वर्कशॉपमधलं हे प्रकरण आहे. वर्कशॉप आणि ग्राहक ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. आकडे सोयीसाठी थोडे सरळ केले आहेत, पण त्यांची एकमेकांशी असलेली सांगड तशीच ठेवली आहे. वाद झाल्यावर चाचणीची सगळी कागदपत्रं तपासायला माझ्याकडे आली, त्यामुळे गोष्ट कशी घडत गेली हे मला फायलीतूनच उलगडलं.

वर्कशॉपचं सगळं काम सेल्सिअसमध्ये चालायचं. ग्राहक मात्र फॅरनहाइटमध्ये काम करणारा होता. त्याच्या कारखान्यातल्या सहा सारख्या मोटारी रिवाइंडिंगला आल्या होत्या. करारात अट होती: इन्शुलेशन क्लास एफचं वापरायचं, पण पूर्ण लोडवर वाइंडिंगची भोवतालच्या हवेपेक्षा होणारी तापमानवाढ ८० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. क्लास एफला खरं तर १०५ अंशांपर्यंतची वाढ चालते. ८० ही त्याखालच्या क्लास बीची मर्यादा. चांगलं इन्शुलेशन घालायचं आणि त्याच्यावर ताण कमी ठेवायचा, म्हणजे मोटार जास्त वर्षं टिकते, हा त्यामागचा नेहमीचा हिशेब. चाचणीचा अहवाल फॅरनहाइटमध्ये द्यावा, अशी ग्राहकाची आणखी एक अट होती.

या शेवटच्या अटीसाठी टेस्टिंग विभागातल्या एका इंजिनिअरने जुन्या चाचणी-तक्त्याची नवी प्रत केली आणि तापमानाच्या प्रत्येक चौकटीत स्प्रेडशीटचं तयार रूपांतर-फंक्शन लावलं. काम झटपट झालं आणि तक्ताही नेटका दिसत होता.

अडचण कशी समोर आली

मोटारी चाचणीत पास होऊन गेल्या. उन्हाळा सुरू झाल्यावर ग्राहकाकडून तक्रार आली की पूर्ण लोडवर दुपारी अलार्म वाजतो. वाइंडिंगमध्ये बसवलेल्या सेन्सरवर २६६ अंश फॅरनहाइटचा, म्हणजे १३० अंश सेल्सिअसचा अलार्म लावलेला होता. भोवतालचं तापमान १०२च्या आसपास गेलं की सेन्सर २६८ दाखवायचा.

वर्कशॉपने आधी सेन्सरवर संशय घेतला, मग मोटारीच्या आसपासच्या हवा खेळण्यावर. दोन्ही शंका रास्त होत्या आणि दोन्ही तपासून झाल्या. सेन्सर ठीक होते, हवेचा मार्गही मोकळा होता. मग ग्राहकाच्या देखभाल इंजिनिअरने एक साधा प्रश्न लिहून पाठवला: तुमच्याच अहवालात वाढ १६५.८ अंश फॅरनहाइट आहे, आमच्या हिशेबाने मर्यादा १४४ आहे, मग तुम्ही मोटार पास कशी केलीत?

अहवालात मर्यादेच्या चौकटीत १७६ छापलेलं होतं.

चूक नेमकी कुठे होती

पहिल्या मोटारीचे आकडे घेऊ. तक्त्यातली मूळ मापं सेल्सिअसमध्ये अशी होती: चाचणीच्या शेवटी वाइंडिंगचं तापमान ११८.१, भोवतालच्या हवेचं २६, म्हणजे वाढ ९२.१ अंश. मर्यादा ८०. मोटार सरळसरळ नापास.

आता हेच फॅरनहाइटच्या तक्त्यात कसं उतरलं ते पाहा. ११८.१चे २४४.६ झाले, २६चे ७८.८ झाले. दोन्ही रीडिंगच आहेत, त्यामुळे १.८ने गुणून ३२ मिळवणं बरोबर. वाढ काढायला तक्त्याने या दोन रीडिंगची वजाबाकी केली: १६५.८. हेही बरोबर, कारण दोन्ही आकड्यांत मिळवलेले ३२ वजाबाकीत आपोआप उडून जातात. ९२.१ला थेट १.८ने गुणलं तरी १६५.८च येतात.

मर्यादेचे ८० मात्र वजाबाकीतून आलेले नव्हते. ते करारातून उचलून चौकटीत टाकलेले होते आणि त्यांच्यावर तेच फंक्शन लागलं:

```
=CONVERT(80,"C","F")     176
=80*1.8                  144
```

पहिल्या ओळीत फंक्शनची काही चूक नाही. ‘८० अंश सेल्सिअस हे रीडिंग फॅरनहाइटमध्ये किती?’ या प्रश्नाचं १७६ हे बिनचूक उत्तर आहे. पण ते ३२ येतात कुठून? पाणी गोठतं तिथे सेल्सिअसची पट्टी शून्य दाखवते आणि फॅरनहाइटची ३२. म्हणजे हे ३२ दोन पट्ट्यांच्या शून्यांमधलं अंतर आहे. एखाद्या जागेचं तापमान सांगताना पट्टीचा शून्य कुठे आहे याला महत्त्व असतं. एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत किती चढलो एवढंच सांगायचं असेल, तर शून्य कुठेही असो, फक्त पट्टीवरच्या घरांचा आकार लागतो. सेल्सिअसचं एक घर म्हणजे फॅरनहाइटची १.८ घरं. दहा अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे १८ अंश फॅरनहाइटची वाढ. पन्नासची नव्हे.

मला यात सर्वात घातक वाटली ती गोष्ट अशी की चूक अर्धवट होती. वाढ आणि मर्यादा दोन्ही चुकीच्या रीतीने बदलल्या असत्या, तर १९७.८ विरुद्ध १७६ अशी तुलना झाली असती आणि मोटार नापासच ठरली असती. आकडे खोटे, पण निकाल खरा. इथे एक बाजू बरोबर, एक बाजू ३२ने फुगलेली. त्यामुळे २१.८ अंशांनी नापास असलेली मोटार १०.२ अंशांनी पास दिसली. हे १०.२ इतके समजूतदार दिसतात की कुणी भुवई उंचावली नाही.

खुणा मात्र कागदावरच होत्या. अहवालात खाली एक ओळ होती: भोवताल ४० अंश सेल्सिअस असताना वाइंडिंगचं कमाल तापमान १२० अंश सेल्सिअस. ते रीडिंग असल्यामुळे २४८ असं बरोबर छापलं होतं. भोवतालचे ४० म्हणजे १०४, हेही बरोबर. पण १०४ अधिक १७६ म्हणजे २८०, आणि छापलेले २४८. फरक बरोबर ३२. बेरीज करून पाहणारा कुणी नव्हता, कारण तिन्ही आकडे वेगवेगळ्या चौकटींत होते.

दुसरी खूण तर हसू येण्यासारखी होती. वाइंडिंगचं तापमान स्थिरावलं असं कधी मानायचं, त्यासाठी वर्कशॉपचा नियम ‘अर्ध्या तासात एक अंशापेक्षा कमी बदल’ असा होता. नव्या तक्त्यात तो ‘अर्ध्या तासात ३३.८ अंशांपेक्षा कमी बदल’ असा छापला गेला. हा नियम खरंच पाळला असता तर कुठलीही चाचणी सुरू केल्यावर थोड्याच वेळात संपली असती. पण टेस्ट बेंचवरच्या माणसांना एक अंशाचा नियम तोंडपाठ होता, मीटरही सेल्सिअसचा होता, आणि छापलेली ओळ कुणी वाचतच नव्हतं. त्यांच्या सवयीने चाचणी वाचवली आणि त्याच सवयीमुळे चूक झाकलेली राहिली.

कोणते पर्याय होते

मोटारी मुळात तापत का होत्या, याचं उत्तर लवकर मिळालं. रिवाइंड करताना मूळ मापाची तार मिळाली नाही म्हणून किंचित बारीक तार वापरली होती. तांब्याचं क्षेत्रफळ दहा टक्के कमी झालं की त्याच करंटला तांब्यातला तोटा सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो, आणि ती सगळी उष्णता वाइंडिंगमध्येच तयार होते. चाचणीचा उपयोग नेमका अशी गोष्ट पकडण्यासाठीच असतो.

आता पुढे काय, यावर बैठक झाली. वर्कशॉपच्या व्यवस्थापकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ‘अहो, क्लास एफला १०५ची वाढ चालते. आपण ९२वर आहोत. इन्शुलेशन जळणार नाही. मग सहाच्या सहा मोटारी पुन्हा उघडायच्या कशाला? अहवाल दुरुस्त करून देऊ, आयुष्य थोडं कमी होईल त्याबद्दल रक्कम कमी करू.’

थोडं म्हणजे किती, हे काढायचं काम टेस्टिंग विभागावर आलं. इन्शुलेशनच्या क्षेत्रात एक जुना ढोबळ नियम आहे: तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढलं की इन्शुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नियम ढोबळच आहे. प्रत्येक पदार्थाचा दर वेगळा असतो आणि सुरू-बंद होण्याचे झटके, ओल, कंपनं यांचा हिशेब त्यात नसतो. तरी तुलना करण्यापुरता तो वापरतात.

आणि इथे तीच चूक दुसऱ्यांदा झाली. मर्यादेपेक्षा वाढ २१.८ अंश फॅरनहाइटने जास्त आहे, हे आता सगळ्यांना मान्य होतं. पण नियमातल्या ‘दहा अंशां’चे कुणीतरी ५० अंश फॅरनहाइट केले. २१.८ भागिले ५० म्हणजे ०.४४ वेळा निम्मं, म्हणजे आयुष्य सुमारे ७४ टक्के उरतं. ‘पंचवीस टक्क्यांचीच घट’ असा आकडा तडजोडीच्या मसुद्यात आला. तो खरा वाटावा असाच होता, आणि त्यावर रक्कमही ठरत आली होती.

खरा हिशेब: दहा अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे १८ अंश फॅरनहाइट. २१.८ भागिले १८ म्हणजे १.२१ वेळा निम्मं. आयुष्य उरतं सुमारे ४३ टक्के. ग्राहकाने चांगल्या इन्शुलेशनचे पैसे ज्या फायद्यासाठी मोजले होते, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग गेलेला.

या प्रकरणातला हा खरा निर्णयाचा क्षण, असं मी मानतो. पहिली चूक कुणाच्या लक्षात न येता झाली होती. ही दुसरी चूक मात्र पहिली सापडल्यानंतर, तिच्यावर चर्चा चालू असताना, त्याच खोलीत झाली. कारण सगळ्यांनी पहिल्या चुकीचं नाव ‘मर्यादेच्या चौकटीतली चूक’ असं ठेवलं होतं. ‘फरक रीडिंगसारखा बदलला’ असं नाव दिलं असतं, तर नियमातले दहा अंश हासुद्धा फरकच आहे हे कदाचित चटकन दिसलं असतं.

४३चा आकडा पुढे आल्यावर पैशांच्या तडजोडीचा पर्याय मागे पडला. उरले दोन: मोटारी कमी लोडवर कायमच्या चालवायच्या, किंवा योग्य मापाची तार आणून पुन्हा रिवाइंड करायच्या. पहिला पर्याय ग्राहकाला परवडणारा नव्हता, कारण उत्पादन त्या मोटारींच्या पूर्ण क्षमतेवर आखलेलं होतं.

केलेली कामं, आणि दुरुस्तीत झालेली चूक

मोटारी एकेक करून परत आणायच्या, तोवर बाकीच्या कमी लोडवर चालवायच्या, असं ठरलं. त्याआधी तक्ता दुरुस्त व्हायला हवा होता. ही जबाबदारी विभागातल्या एका नव्या इंजिनिअरकडे दिली. सूचना एवढीच: ‘जिथे रीडिंग नाही तिथले ३२ काढा.’

त्याने प्रामाणिकपणे प्रत्येक चौकट पाहिली. मर्यादेचे १४४ झाले, स्थिरावण्याच्या नियमाचे १.८ झाले. मग तो वाइंडिंगच्या तापमानाच्या सूत्रापाशी आला.

पूर्ण वाइंडिंगचं सरासरी तापमान थर्मामीटरने मोजता येत नाही, म्हणून ते रेझिस्टन्सवरून काढतात. थंड असताना रेझिस्टन्स मोजायचा, गरम झाल्यावर पुन्हा मोजायचा. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, त्या प्रमाणावरून तापमान निघतं:

```
t2 = (R2/R1) * (234.5 + t1) - 234.5
```

या मोटारीत २४ अंशांना रेझिस्टन्स ०.४१२ ओहम होता आणि गरम झाल्यावर ०.५६२. सूत्रात घातले की ११८.१ येतात. आता हे २३४.५ फॅरनहाइटमध्ये किती? नव्या इंजिनिअरने विचार केला की हा काही कुठल्या थर्मामीटरवर वाचलेला आकडा नाही, सूत्रातला स्थिरांक आहे. म्हणून १.८ने गुणून ४२२.१ घातले.

उत्तर आलं २५६.३ अंश फॅरनहाइट. खरं उत्तर २४४.६.

हा स्थिरांक दिसतो फरकासारखा, पण आत दडलेलं आहे एक रीडिंग. तांब्याचा रेझिस्टन्स आपल्या नेहमीच्या पट्ट्यात जवळजवळ सरळ रेषेत बदलतो. ती रेषा खाली तशीच वाढवत नेली तर उणे २३४.५ अंश सेल्सिअसला रेझिस्टन्स शून्य होईल. प्रत्यक्षात तांबं तसं वागत नाही, पण हिशेबाला ते ठिकाण उपयोगी पडतं. म्हणजे उणे २३४.५ ही पट्टीवरची एक जागा आहे. जागा म्हटली की ३२ लागणार: उणे ४२२.१ अधिक ३२, म्हणजे उणे ३९०.१. फॅरनहाइटच्या सूत्रात ३९०.१ घातले की २४४.६ येतात.

ही चूक आधीपेक्षा पकडायला कठीण होती, कारण तिने ३२चा ठसा सोडला नाही. चुकलेले ३२ रेझिस्टन्सच्या गुणोत्तरातून गेले आणि ११.७ अंशांची तफावत झाली. वाइंडिंग जेवढी जास्त तापेल तेवढी ही तफावत वाढते, अजिबात तापली नाही तर शून्य. म्हणून थंड मोटारीवर तक्ता तपासला तेव्हा तो बरोबर वाटला. चूक सापडली ती जुनी मापं नव्या तक्त्यात घालून पाहिल्यावर. सेल्सिअसच्या मूळ तक्त्यातले ११८.१ आणि नव्यातले २५६.३ जुळेनात.

यावेळी मात्र पॅच लावत बसणं थांबवलं. ठरलं असं की सगळा हिशेब सेल्सिअसमध्येच होईल, मीटर ज्यात वाचतो त्यात. फॅरनहाइट फक्त छापायच्या पानावर, तेही दोन वेगळ्या रीतींनी: रीडिंगच्या रकान्यांसाठी एक, फरकाच्या रकान्यांसाठी दुसरी. आतल्या तक्त्यात फरकाचा प्रत्येक रकाना केल्विनमध्ये लिहायचा. १९६७ साली मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तापमानातला फरकही केल्विनमध्ये मांडता येईल असं मान्य केलं, आणि मोटारींच्या मानकांत वाढीची मर्यादा ‘८० के’ अशीच लिहिलेली असते. केल्विन आणि सेल्सिअसचं घर सारख्याच आकाराचं असल्यामुळे आकडा बदलत नाही, पण ‘८० केल्विन’ला कुणी १७६ करायला जात नाही.

शिवाय छापायच्या पानावर तपासणीच्या दोन ओळी आल्या. एक: भोवताल अधिक वाढ बरोबर वाइंडिंगचं तापमान, हे फॅरनहाइटमध्येही जुळतं का. दुसरी: फरकाच्या प्रत्येक रकान्यात शून्य घालून पाहायचं. काहीच वाढ झाली नाही तर उत्तर कुठल्याही पट्टीत शून्यच यायला हवं. ३२ आले की समजायचं.

निष्पत्ती

योग्य मापाची तार घालून रिवाइंड केलेल्या पहिल्या मोटारीची वाढ ७६ केल्विन आली, म्हणजे १३६.८ अंश फॅरनहाइट. मर्यादा १४४. बाकीच्या मोटारीही एकेक करून बदलल्या गेल्या आणि ग्राहकाकडचा अलार्म थांबला. वर्कशॉपला खर्च स्वतः सोसावा लागला.

काय वेगळं करता आलं असतं

इंजिनिअरने घाई केली, असं म्हणून हात झटकता येतात. मला ते पटत नाही. त्याच्यासमोर करारात ‘८० अंश सेल्सिअस’ असं लिहिलेलं होतं, आणि एखाद्या गरम पृष्ठभागाचं तापमानही अगदी तसंच लिहितात. कागदावर दोघांत काही फरकच नाही. करार करतानाच ‘८० केल्विन वाढ’ असं लिहिलं असतं तर फंक्शन लावताना त्याचा हात थबकला असता. आणि फॅरनहाइटची मर्यादा ग्राहकाकडूनच लेखी मागवली असती, तर त्याच्या फायलीतले १४४ पहिल्याच दिवशी समोर आले असते.

दुसरं म्हणजे नवा तक्ता वापरात आणण्याआधी जुन्या, निकाल माहीत असलेल्या एखाद्या चाचणीवर चालवून पाहायला हवा होता. शक्यतो नापास झालेल्या मोटारीवर. पास झालेली मोटार सैल मर्यादेतही पासच होते, तिच्याकडून काही कळत नाही.

हाच फॅरनहाइटचा तक्ता मधल्या काळात आणखी काही ग्राहकांसाठी वापरला गेला होता. त्या सगळ्या अहवालांतून वाढ १४४ आणि १७६च्या मध्ये असलेल्या मोटारी वेगळ्या काढल्या, कारण निकाल उलटू शकतो तो तेवढ्याच पट्ट्यात. त्यातल्या बहुतेकांचा हिशेब मूळ मापांवरून पुन्हा करता आला. दोन अहवालांत मात्र थंड रेझिस्टन्स लिहिलेला होता, पण तो कोणत्या तापमानाला मोजला ते लिहिलंच नव्हतं. त्या मोटारी पुन्हा टेस्ट बेंचवर घ्याव्या लागल्या.